मूठ वर, चावी उजवीकडे

मामांनी पकड कपाटाच्या चावीला लावली, तशी वैशालीने त्यांचं मनगट धरलं.

"मामा, सोडा. चावी आत मोडली तर उद्या मेघा गाऊनवर बोहल्यावर उभी राहील."

"अगं, थोडा जोर लावला की फिरते. लोखंडच आहे ते."

"तुम्ही लावलात की. बघा काय झालंय."

चावीची मान खरंच वाकली होती. दांडा सरळ, पण दाते असलेलं टोक एका बाजूला कललेलं, आणि मानेपाशी केसासारखी रेघ. ती रेघ वैशालीने ट्यूबलाइटखाली धरून मामांना दाखवली. मामांनी पकड खिशात घातली, आणि पहाटे पाचला टेम्पो यायचाय म्हणत गच्चीवर झोपायला गेले. जाताना एवढं सांगून गेलेच, की शेजारच्या कारखान्यात ग्राइंडर आहे, मालकाला उठवू.

साखर पेठेतल्या घरात रात्रीचे साडेदहा वाजले होते. पुढच्या खोलीत पाहुणे ओळीने झोपलेले, सोप्यात शेंगा चटणीचे डबे आणि अक्षतांच्या पुड्या. मधल्या खोलीत साडेसहा फुटी लोखंडी कपाट. आत शालू, अष्टपुत्री, मेघाचे दागिने, जावयाची अंगठी आणि हॉलवाल्याला सकाळी द्यायचे उरलेले पैसे. दुसरी चावीही आतच, लॉकरमध्ये. बहुतेक घरांत ती तिथंच असते.

"ग्राइंडर नको बाई," मेघा म्हणाली. तिच्या दोन्ही हातांना हिरवा चुडा होता आणि मेंदी अजून ओली. हात तिने खांद्याच्या उंचीला धरले होते. "ठिणग्या आत उडतील. शालू दाराच्या मागेच टांगलाय."

"बावीस गेजचा पत्रा आहे, चिरायला पाच मिनिटं लागतील. पण शालू पेटायला तेवढीही नको." वैशालीने पाटा आडवा केला, चावी त्यावर ठेवली, वर ब्लाउजच्या कापडाची चिंधी घातली आणि लाटण्याने हळूहळू ठोकली. हातोडीने ठोकली असती तर रेघ वाढली असती. दर दोन ठोक्यांनी ती चावी डोळ्यासमोर धरून दांडा बघत होती.

"संध्याकाळी तर उघडलं होतं ना गं ताई?"

"हळदीला जागा हवी म्हणून सरकवायच्या आधी."

पोरांनी कपाट भिंतीपासून ओढून मोरीकडच्या कोपऱ्यात लावलं होतं. मेघाने शालू ठेवून दार लावलं, मूठ वर करून बसवली, कुलूप फिरवलं. तेव्हाही चावी जड गेली होती. नंतर अंगठी काढायची म्हणून उघडायला गेली तर पाव फेऱ्यावर अडकली. आत्याने लगेच चावीच्या भोकात खोबरेल ओतलं. मग मामा आले.

बाळू, आत्याचा धाकटा, पायरीवर बसून पेन्सिलीचं शिसं ब्लेडने खरवडत होता. "मोबाईलवर दाखवलंय, शिशाची पूड घालायची."

"कोरडं कुलूप असतं तर घातलीच असती. आत्याने तेल ओतलंय. आता पूड घातलीस की आत चिखल होईल. जा, क्रोशाची सुई आण माझ्या डब्यातली."

खाली तळमजल्यावर बारा वर्षं दोन माग चालले होते. माग विकले तरी सुताची तुसं घरातून जाता जात नाहीत. सुईचा आकडा भोकात घालून वैशालीने हलकेच फिरवला आणि बाहेर ओढला. तेलात भिजलेला करडा पुंजका निघाला, समईच्या वातीएवढा. परत घातली, परत थोडा निघाला. तिसऱ्यांदा सुई जवळजवळ कोरडी आली.

"ह्याच्यामुळेच अडकलं होय?" मेघाने वाकून बघितलं.

"ह्याच्यामुळे जड झालं. पूर्ण अडकायचं कारण दुसरं असणार." तिने शिलाई मशीनच्या तेलाची कुपी घेतली. भोकात ओतलं नाही. चावीच्या दात्यांवर दोन थेंब घेतले, चावी आत घातली, फिरवायचा प्रयत्न न करता आतबाहेर केली, बाहेर काढून फडक्याला पुसली. फडक्यावर काळी रेघ उठली. असं पाच-सहा वेळा केल्यावर रेघ फिकी झाली. खोबरेल थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं. मशीनचं तेल पातळ असतं, ते त्या चिकट्यात शिरून त्याला सोडवतं.

चावी फिरवली. पाव फेरा. थांबली.

तिने मूठ खाली दाबली आणि पुन्हा चावी फिरवली. दातेही हलेनात. मूठ सोडली, तेव्हा चावी किंचित हलली.

वैशालीने मूठ परत दाबली. परत सोडली. "मेघे, तू मघाशी उघडताना मूठ खाली दाबत होतीस?"

"मग? उघडायला मूठ खालीच दाबायची ना."

"कुलूप निघाल्यावर. मामांनीही तेच केलं, आत्यानेही. बघ, कुलपाची जीभ मुठीच्या चकतीतल्या खाचेत बसते. मूठ खाली ओढली की चकती त्या जिभेवर रेलते. तिकडून दाबून धरायचं आणि इकडून जीभ मागं ओढायची, कशी येईल? चावीच मोडेल." वैशालीचे वडील अप्पा मागांवर जॉबर होते. अडकलेल्या मागाशी ते आधी ताण सोडायचे, मग पान्याला हात लावायचे. त्यांचा पत्र्याचा डबा अजून माळ्यावर होता.

तिने डाव्या हाताने मूठ वर उचलली, म्हणजे बंद व्हायच्या दिशेला. फार नाही, करंगळीच्या नखाएवढी. गुडघ्याने दार आत दाबलं आणि उजव्या हाताने, नुसत्या अंगठा-तर्जनीने, चावी फिरवली. बोटांत जेवढा जोर येतो तेवढाच लावायचा. पकडीने लावलेला जोर कळत नाही, म्हणूनच चाव्या मोडतात.

मुठीखालून 'खट्' झालं. चावी पूर्ण फिरली.

"निघालं!" मेघा उडी मारणार होती. वैशालीने मूठ खाली दाबली. मूठ अर्ध्यावर आली आणि तिथंच राहिली.

"आता काय झालं?"

"कुलूप निघालं. सळ्या राहिल्या." मुठीला आतून दोन सळ्या जोडलेल्या असतात, एक वर कपाटाच्या छपरात जाते, एक खाली तळात. मूठ फिरली की दोन्ही आत ओढल्या जातात. "कान लाव दाराला. खाली लाव. मी मूठ हलवते, सांग कुठे वाजतंय."

मेघा बांगड्या न वाजवता गुडघ्यावर बसली. "वर टक् वाजतंय. खाली नाही. खाली नुसतं घासल्यासारखं."

वैशाली स्टुलावर चढली. कपाटावरची बॅग आणि गाद्यांची वळकटी बाळूकडे दिली. आतलं वजन काढता येत नव्हतं, वरचं तरी काढता आलं. मग तिने दोन्ही दारांच्या वरच्या कडा बघितल्या. डाव्या दाराची कड सरळ, उजव्याची खाली उतरलेली. शिवणाची पट्टी लावली तर चार मिलिमीटर फरक.

"फरशी मोरीकडे उतरती आहे," मेघाच म्हणाली. "पाणी त्या कोपऱ्यात जातं. उजवा पाय खाली गेलाय."

"बरोबर. पाय खाली गेला, चौकट तिरकी झाली, दार उतरलं. आता खालची सळी भोकाच्या कडेला घासून बसलीये."

म्हणजे पुढचा उजवा पाय उचलून खाली काहीतरी द्यायला हवं होतं. बाळूने उरलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पुढे केला.

"अरे, गणपती आहे त्यावर! पायाखाली घालतोस?" मेघाने डोळे मोठे केले. शिवाय कागद दबतो, तासाभरात परत बसला असता. वैशालीने माळ्यावरून अप्पांचा डबा उतरवला. तळाशी मागाच्या जुन्या चामडी पट्ट्याचे तुकडे होते, पाच मिलिमीटर जाडीचे. चामडं फरशीवर सरकत नाही आणि फार दबतही नाही.

मांडववाल्याची पहार दारामागे होती. वैशालीने पायाजवळ वीट ठेवली, पहारीचं चपटं टोक कपाटाच्या तळाच्या कडेखाली सरकवलं. पत्र्याच्या घडीखाली, पायाखाली नाही, म्हणजे पायाखालची जागा मोकळी राहते.

"पहारीवर कोण बसणार? मी तुकडा घालणार आहे."

"माझ्या हातांना मेंदी आहे, पायांना नाही," मेघा म्हणाली आणि चप्पल घालून पहारीच्या वरच्या टोकावर एक पाय ठेवला. "चुडा वाढला तर आत्या मला आणि तुला दोघींना झोडपेल."

"हात वरच ठेव. हळूहळू वजन टाक. मी 'बास' म्हटलं की तिथंच थांब, पाय काढू नकोस."

कपाट कुरकुरलं. उजवा कोपरा बोटभर उठला. वैशालीने तुकडे हाताने घातले नाहीत, शिवणाच्या पट्टीने ढकलले. पहार निसटली तर बोटं जायची. "सोड आता. हळू."

दोन तुकडे घातले होते, तर उजवं दार डाव्याच्या वर गेलं. परत पहार, परत मेघाचा पाय. एक तुकडा काढला. आता कडा एका रेषेत आल्या, दोन दारांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसायला लागली.

मूठ खाली. अजून थोडीशी अडली.

वैशालीने सोलापुरी टॉवेलची चौपदरी घडी दाराच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवली. "बाळ्या, कपडे धुवायचं धोपाटणं घे. घडीवर मार. जोरात नको, सारखं मार, सळी थरथरली पाहिजे." ती मूठ खाली धरून राहिली. ठप, ठप, ठप. चौथ्या की पाचव्या ठोक्याला मूठ सरकन खाली गेली आणि दार उघडलं. शालूच्या पिशवीला नॅप्थलीनचा वास येत होता.

मेघा शालूकडे धावली नाही. आधी खाली वाकून बघितलं. खालच्या सळीच्या टोकाला एका बाजूने रंग उडून लखलखीत ओरखडा पडला होता. "इथं घासत होती."

"तिथं थोडी व्हॅसलीन लाव. नाही, तू नको, मी लावते."

दार उघडं ठेवून वैशालीने कुलूप चार-पाच वेळा फिरवून बघितलं. उघड्या दारात चावी अलगद फिरत होती, म्हणजे कुलपात आता दोष नव्हता. लॉकरमधली दुसरी चावी काढली, तिचे दाते रोजच्या चावीशेजारी धरले. रोजची चावी चांगलीच झिजली होती, वर मान चिरलेली. ती तिने अप्पांच्या डब्यात टाकली आणि चांगली चावी आईच्या कमरेच्या जुडग्यात लावायला बाळूला दिली.

मेघाने हाताने न शिवता एकेक वस्तू सांगितली, वैशालीने काढली. शालू, अष्टपुत्री, दागिन्यांचे तीन डबे, अंगठी, पैशांचं पाकीट. पैसे मोजून वहीत आकडा लिहिला. सगळं सकाळच्या बॅगेत गेलं.

गच्चीवरून मामा खाली आले. ठोकण्याच्या आवाजाने जाग आली होती. उघडं कपाट बघून त्यांनी आधी मिशीवरून हात फिरवला.

"निघालं म्हणजे! मी म्हटलंच होतं, थोडा जोर लावला की निघतं. आता एक करा, घरात परकी माणसं आहेत. दागिन्यांची बॅग परत आत ठेवा आणि कुलूप लावा."

"नको!" दोघी एकदमच ओरडल्या, आणि पुढच्या खोलीत आत्या उठून बसली.