कॅफे उघडताना आणि बंद करताना: कामांची यादी

कॅफे सकाळी ८ ला उघडतो, रात्री १० ला बंद होतो. सकाळच्या पाळीने सव्वासातला यायचं. काम झालं की वहीत वेळ आणि सही करा. राहिलं असेल तर ‘राहिलं’ असं लिहा. त्यावर कोणी रागावणार नाही. न करता केलेली खूण मात्र लगेच कळते.

उघडताना

१. शटर वर केल्यावर आधी वास घ्या. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही दाबू नका. दार उघडं ठेवून बाहेर या आणि मॅनेजरना फोन करा.

२. कॉफी मशीनचा पाण्याचा नळ उघडा, मगच मशीन चालू करा. पोर्टाफिल्टर मशीनलाच अडकवून ठेवा, तेही तापायला हवेत. अर्धा तास लागतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी.

३. केस बांधा, एप्रन घाला, साबणाने २० सेकंद हात धुवा.

४. फ्रिज ५ अंशांच्या आत, फ्रीजर उणे १८. आकडे वहीत लिहा. फ्रिज जास्त दाखवत असेल तर त्यातलं दूध वापरू नका, आधी विचारा. वास चांगला आहे म्हणजे दूध चांगलं आहे, असं नसतं.

५. दुधाच्या तारखा बघा. आधी संपणारं पुढे, नवं मागे.

६. ग्राइंडरमध्ये कालची पूड अडकलेली असते, म्हणून पहिले दोन शॉट टाकून द्या. तिसरा मोजा: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. लवकर आला तर दळण बारीक करा, रेंगाळला तर जाडसर. एका वेळी अगदी थोडंच फिरवा. मग चाखा.

७. गल्ल्यातली सुटी रक्कम मोजा, कार्ड मशीनचा रोल बघा.

८. टेबलं पुसा, स्वच्छतागृहात साबण आणि कागद आहे ना ते पाहा. ८ ला पाटी फिरवा.

बंद करताना

१. साडेनऊला शेवटची ऑर्डर विचारा. गिऱ्हाईक बसलेलं असताना खुर्च्या उलट्या टाकू नका.

२. मशीन गरम असतानाच धुवा. बिनछिद्री बास्केटमध्ये मशीनची पावडर घाला, १० सेकंद चालू, १० बंद, असं पाच वेळा. मग पावडर न घालता तेवढंच पुन्हा. प्रत्येक ग्रुपला. हे चुकलं की उद्याची पहिली कॉफी कडवट आणि साबणाची.

३. स्टीम वँड ओल्या फडक्याने पुसा आणि वाफ सोडा. दूध वाळलं की खरवडावं लागतं. वँड भाजते, फडकं सोडू नका.

४. उघडे डबे झाकून तारीख लिहा. बाहेर राहिलेलं दूध टाकून द्या, परत फ्रिजमध्ये नाही.

५. केर, मग लादी. ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो.

६. गल्ला दोघांनी मिळून मोजा. फरक आला तर स्वतःच्या खिशातून भरू नका, आहे तो आकडा लिहा.

७. गॅस, मशीन, मशीनचा नळ बंद. फ्रिजचा स्विच चालूच.

८. कचरा बाहेर, दिवे बंद, शटर खाली. कुलूप लावून एकदा ओढून पाहा.