क्लेम सर्व्हे रिपोर्ट: वादळात नुकसान झालेलं अर्धवट बांधकाम, वादळाचं किती आणि आधीचं किती

प्रति,
क्लेम विभाग

पॉलिसी कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्कची आहे, वादळाच्या दिवशी चालू होती, आणि सम इन्शुअर्ड पुरेशी आहे त्यामुळे अंडरइन्शुरन्सची कपात लागत नाही. वादळानंतर तिसऱ्या दिवशी पहिली पाहणी केली, मलबा तोपर्यंत हलवला नव्हता हे फार बरं झालं. नंतर क्रेन लावून पडलेला ट्रस उचलताना परत गेलो, कारण त्याच्या खाली काय आहे ते उचलल्याशिवाय दिसणार नव्हतं.

इमारत 36 मीटर बाय 18 मीटर, खाली आणि पहिला मजला आरसीसी, वर लोखंडी ट्रसवर पत्रा. सहा-सहा मीटरवर एकूण सात ट्रस यायचेत, त्यातले पाच उभे झाले होते आणि पत्रा दोन गाळ्यांवर बसला होता. जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदीत त्या रात्री झोताचा जास्तीत जास्त वेग 104 किमी आणि पाऊस 112 मिमी आहे. म्हणजे दाब साधारण 500 न्यूटन दर चौरस मीटर, सोप्या भाषेत दर चौरस मीटरला 50 किलोचा धक्का. वादळ झालंच नाही किंवा किरकोळ होतं असा कुठलाही मुद्दा इथे येत नाही.

कॉन्ट्रॅक्टरने सगळं नुकसान वादळाच्या नावावर लावलंय. पॉलिसीत सदोष कामाची दुरुस्ती वगळलेली आहे म्हणून अख्खा क्लेम नाकारता येईल का, असं क्लेम विभागाकडून मला फोनवर विचारलं गेलं. दोन्ही बाजू मला पटत नाहीत. त्या वगळणुकीच्या कलमात पुढे हेही लिहिलंय की सदोष भागामुळे अपघात होऊन नीट केलेल्या दुसऱ्या कामाचं नुकसान झालं तर ते धरलं जातं. म्हणून प्रत्येक वस्तूला वेगळं बघावं लागलं. खाली जे टक्के दिलेत ते एकूण मागितलेल्या रकमेचे आहेत, बिलाप्रमाणे रकमा वेगळ्या तक्त्यात जोडल्यात.

पत्रा (मागणी 21 टक्के, मान्य 16)

226 चौरस मीटर सगळाच बदलायला मागितलाय. उडालेला 148 मीटर, जागेवर वाकलेला 30 मीटर, बाकी 48 मीटर चांगला आहे, फक्त स्क्रू परत आवळायचेत, तो धरला नाही. दुसऱ्या गाळ्याच्या कडेला स्क्रू कमी होते, म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे कडेच्या पर्लिनवर प्रत्येक लाटेला एक हवा तिथे एक सोडून एक होते. इथे मी कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूने आहे. साइट रजिस्टरमध्ये त्या दिवशी दुपारी 4 वाजता इशारा आल्यावर काम थांबवलं, सुटे पत्रे दोरीने बांधले अशी नोंद आहे आणि तो बांधलेला गठ्ठा मी डोळ्याने बघितला, जागेवरच होता. काम चालू असताना अपुरं राहणं वेगळं आणि चुकीचं करून पुरं झालं म्हणणं वेगळं, ही पॉलिसीच मुळात अर्ध्या कामासाठी घेतात. पहिल्या गाळ्यात स्क्रू पूर्ण होते, तिथलाही पत्रा उडाला. भंगाराची किंमत वजा केली आहे.

ट्रस (मागणी 24, मान्य 20)

पाचवा ट्रस बाजूला कोसळला आणि चौथ्याची खालची पट्टी वाकली. ताण द्यायच्या दोन वायररोपपैकी एक तुटलेली मिळाली, तिच्या तारांची टोकं चकाकत होती आणि बारीक झालेली होती, म्हणजे ओढ सहन न होऊन तुटलीय, गंजलेली किंवा आधी कुरतडलेली नव्हती. अँकर बोल्ट सरळ आहेत, नटही पूर्ण आवळलेले. इरेक्शनच्या पद्धतीत सांगितलेल्या दोन्ही पर्लिन ओळी क्रेन सोडण्याआधी बसवल्या होत्या. यात कॉन्ट्रॅक्टरने काही कमी केलं असं मला दिसत नाही.

एक गोष्ट मात्र आहे. या ट्रसच्या शिखराच्या जोडावरचं वेल्डिंग तुटलंय आणि तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग तपकिरी गंजलेला, अर्धा ताजा चमकदार. गंजलेला अर्धा भाग म्हणजे तिथे वेल्ड आधीपासून धरलाच नव्हता, तिसऱ्या दिवशी इतका गडद गंज बसत नाही. साहजिक प्रश्न असा की ट्रस याच जोडामुळे पडला का. नाही असं मी म्हणतो, कारण स्लॅबवर जिथे ट्रसचा धक्का बसलाय ती खळगी नेमकी शिखराच्या खाली आहे आणि वेल्डचा तुटका तुकडा तिथेच, खळगीच्या कडेला पडलेला होता. ट्रस आधी कलला, मग आपटला, जोड आपटल्यावर सुटला. म्हणून फक्त त्या एका जोडाची दुरुस्ती वगळली, बाकी सगळं दिलं. भंगार वजा, आणि उरलेल्या ट्रसना नवा रंग मागितलाय तोही धरलेला नाही, रंगाला काही झालेलं नाही.

पश्चिमेची भिंत (मागणी 17, मान्य शून्य)

वाद याच मुद्द्यावर होणार म्हणून सविस्तर लिहितो. पहिल्या मजल्यावरची ब्लॉकची भिंत 18 मीटर लांब, 3.2 मीटर उंच, 200 मिमी जाड, त्यातली 11 मीटर आत पडली आणि 7 मीटर उभी आहे. उभ्या राहिलेल्या भागात ड्रॉइंगप्रमाणे दोन आरसीसी पोस्ट आहेत, पडलेल्या भागात तीन पोस्ट हव्या होत्या त्यातली एकही नाही. वारा तोच, ब्लॉक तेच, गवंडी तेच, फरक फक्त पोस्टचा.

कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं की पोस्ट पुढे टाकणार होतो, म्हणजे हेही अपुरं कामच, पत्र्यासारखं. हे मान्य करता येत नाही, कारण ड्रॉइंगवर स्पष्ट टीप आहे की पोस्ट भिंतीबरोबर दर 1.2 मीटर उंचीला ओतत जायच्या, आणि साइट रजिस्टरनुसार भिंत पूर्ण उंचीला वादळाच्या पाच आठवडे आधीच पोचली होती, बिलही त्याचं काढलंय. चौथ्या रनिंग बिलाबरोबर त्यांनीच दिलेला फोटो आहे, त्यात पडलेल्या भागात पायऱ्यापायऱ्यांनी चढलेली भेग स्पष्ट दिसते, आणि मी उचललेल्या ब्लॉकांवरचा मसाला नखाने खरवडला तरी भुगा होतो.

हिशोबही करून बघितला. पोस्टशिवाय सुटी उभी भिंत फक्त स्वतःच्या वजनावर तोल धरते. 104 किमीच्या झोताने येणारा उलटवणारा जोर त्या वजनाच्या आधारापेक्षा दुपटीहून जास्त निघतो, आणि यात आकाराचा वाढीव गुणांक धरलेलाच नाही. भिंतीची दुरुस्ती म्हणजे सदोष कामच नव्याने करणं, ते पॉलिसीत बसत नाही.

भिंतीखाली सापडलेलं काम (मागणी 9, मान्य 8)

हे दिलं पाहिजे आणि नाकारू नये अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. भिंत जिन्यावर पडली, सहा पायऱ्या तुटल्या, दोन खिडक्यांच्या चौकटी आणि कंड्युट चेपले. जिना वादळाच्या नऊ दिवस आधी ओतलेला, त्याच्या क्यूबचा 7 दिवसांचा रिझल्ट अपेक्षेपेक्षा चांगला आहे, म्हणजे जिन्यात खोट नाही. दुसऱ्याच्या चुकीने जिना तुटला म्हणून जिन्याची भरपाई कापता येत नाही, कलम तेच सांगतं. एका चौकटीचा कोपरा आधीच वाकलेला होता, त्याचे पैसे कापले.

स्लॅब (मागणी 11, मान्य 4)

ट्रस आदळला म्हणून पाच भेगा असं लिहिलंय. खळगीपासून निघालेल्या दोन भेगा ताज्या आहेत, कडा धारदार, आत धूळ नाही. बाकी तीन भेगा खळगीपासून दूर, बीमच्या रेषेत सरळ जातात, त्यांच्यात वरून सिमेंटची स्लरी भरलेली आहे, आणि खालून बघितलं तर पाणी झिरपून पांढरे चट्टे जमलेत. हे चट्टे दोन-तीन दिवसांत इतके जाड होत नाहीत, आणि स्लरी कोणीतरी भेग बघूनच भरली असणार. तीन भेगांबरोबर खांबांमधलं हनीकोंबिंगही क्लेममध्ये घातलंय, तर ते काँक्रीट नीट न दबल्याचं लक्षण आहे, वाऱ्याने पोकळ्या होत नाहीत.

खोदकाम आणि सळया (मागणी 7, मान्य 4)

पूर्वेच्या खड्ड्यात पाणी भरून 64 घनमीटर माती ढासळली. उतार ड्रॉइंगप्रमाणे कापलेला होता, परत खोदायचा खर्च द्यावा, आणि मातीखाली वाकलेला एक फुटिंगचा पिंजराही. उरलेल्या पिंजऱ्यांवरचा गंज मात्र जुना आणि वरवरचा आहे, सळया मोकळ्यावर पडून होत्या, वायरब्रशने साफ होतात.

सिमेंट (मागणी 3, मान्य 2.5)

140 पोती भिजली, गोडाऊनचं छत उडालं. यातली बरीच पोती आधीच खराब होती अशी मला शंका आली कारण खालची थर थेट जमिनीवर होती, पण भिजलेलं सिमेंट काही तासांतच घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी गोळा दगडासारखा आहे म्हणून तो जुना असं कोणी म्हणू नये, मी पण म्हणत नाही. स्टॉक रजिस्टरच पुरावा धरला. त्यात आदल्या आठवड्यातल्या तपासणीत 22 पोत्यांपुढे गाठी असं लिहिलंय. तीच वगळली, 118 दिली.

मचाणाचे पाइप (5 टक्के) पॉलिसीत मशिनरी म्हणून कळवलेले नाहीत, शून्य. मलबा उचलणं (3 टक्के) 38 घनमीटरचं आहे, त्यातला भिंतीचा 11 सोडून बाकीचं धरून 2.

एकूण मान्य 56.5 टक्के, यातून नैसर्गिक आपत्तीसाठीचा वाढीव डिडक्टिबल वजा होईल. आकडा कॉन्ट्रॅक्टरला आवडणार नाही, पण भिंत सोडली तर वादळाने मोडलेलं जवळजवळ सगळं त्यांना मिळतंय.

भिंतीचे ब्लॉक आणि मसाल्याचे नमुने गोणीत सीलबंद ठेवलेत, चौथ्या बिलाचा मूळ फोटोही घेतलाय. कॉन्ट्रॅक्टरला त्यांचा इंजिनिअर पाठवून तपासायचं असेल तर पंधरा दिवसांत या, तोपर्यंत उरलेला मलबा हलवू नका असं लेखी कळवलंय. उरलेल्या 7 मीटर भिंतीच्या मोकळ्या टोकाला लगेच आधार द्या, त्याला आता बाजूची भिंत राहिलेली नाही, आणि नवी भिंत पोस्टशिवाय उचलली तर पुढच्या क्लेमला हा रिपोर्ट जोडला जाईल हेही त्यांना कळवावं.

सर्व्हेअर, नुकसान मूल्यांकन