बाप्पा, सांभाळून जा रे!

चवथीपासून घर कसं भरलेलं होतं! आज उत्तरपूजा झाली, काकांनी अक्षता वाहून मूर्ती जागची जराशी हलवली आणि रांधणीतल्या गप्पाही थांबल्या. मग मागून कुणीतरी जोरात "मंगलमूर्ती" म्हटलं, आणि "मोरया" म्हणताना सगळ्यांचाच आवाज चिरकला.

आईने शिदोरी बांधली. दही-पोहे, पंचखाद्य, आणि नेवऱ्या जरा जास्तच, वाटेत भूक लागेल म्हणून. बाप्पाच्या हातावर दही ठेवताना तिचे डोळे भरून आले. येणारच ना! मुंबई, पुणे, वास्को, जो जिथे आहे तो तिथून सावईवेऱ्याच्या या जुन्या घरात येतो तो याच्याचसाठी.

यंदाची माटोळी तर बघत राहावी अशी! सुपारीचे घोस, नारळ, तोरिंजन, मावळिंग, कांगल्यांचे झुबके आणि मधोमध लालबुंद कवंडळं. धाकटा चिन्मय पहिल्यांदाच काकांबरोबर डोंगरावर गेला होता. आता येईल त्या पाहुण्याला माटोळीखाली उभं करून एकेका रानफळाचं नाव सांगतो. काकांना याहून मोठा प्रसाद कुठला?

आणि घुमट! 2019 मध्ये त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला, पण आमच्या घरात आजोबांमागे ते नुसतं खुंटीला होतं. यंदा सईने खाली काढलं. डावा हात मागच्या तोंडावर, उघडझाप करत, उजव्या हाताची बोटं चामड्यावर. पहिल्या आरतीला बिचकत होती, आज शामेळवाल्या दादाला तिनेच पळवलं. आजीने बसल्या जागी ताल धरला होता.

उंबऱ्याबाहेर बाप्पाला क्षणभर घराकडे वळवलं. बघून घे रे सगळ्यांना. पावसानेही नेमकी तेवढीच उसंत दिली. तळीच्या पायऱ्यांवर फटाके, फुगड्या, चिखलाने माखलेले पाय, आणि गळाभर पाण्यात उतरलेले आमचे दोन वीर. चिकणमातीचा बाप्पा पाण्यात गेला तेव्हा मुलं रडलीही आणि लगेच पंचखाद्यासाठी भांडलीही!

रिकाम्या पाटावर तळीकाठची माती घेऊन घरी आलो. मखरातला दिवा अजून तेवतोय, आणि त्याच्याकडे बघून पुन्हा गळा दाटतोय. पण आत चहा उकळतोय, आणि पुढच्या वर्षीच्या रजेची बोलणी आत्ताच सुरू झाली आहेत.

माटोळी उद्या सकाळी उतरवणार. शेजारपाजारच्यांनी पिशव्या घेऊन यावं, नारळ-फळं सगळ्यांना मिळतील. तोरिंजनाच्या लोणच्यावर मात्र आजीचा पहिला हक्क!

गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या!

#चवथ #माटोळी #घुमटआरती #आमचोगोंय