मातीचा सर्जा

पोळा चार दिवसांवर आला होता. गिरणाकाठच्या एका गावात बाळू ओट्यावर बसून मातीचा बैल करत होता. वावरातली काळी माती पाण्यात कालवली, थापली, आणि पाऊण तासात बैल उभा! वशिंड मोठं, शिंगं वाकडी, शेपूट जरा जाडच. नाव ठेवलं सर्जा.

आता रंग द्यायचा. पण बाहेर श्रावणाची रिपरिप, ऊन कुठलं? बाळूने सर्जाला चुलीतल्या निखाऱ्यांजवळ नेऊन ठेवलं. चुलीला काय, भाकरी आणि बैल सारखेच!

थोड्या वेळाने तट्ट! सर्जाच्या पोटाला भेग पडली आणि मागचा पाय गळून पडला.

"आबा, मना बैल तडकी गया!" बाळू रडकुंडीला आला.

"कसाले इतली घाई करस रे?" आबांनी तुटका पाय हातात घेतला. "आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावरात केवढ्या भेगा पडतात, पाहिल्यास ना? तुझा बैल वरून वाळला, आत ओलाच राहिला. वरची माती आकसली, आतली हलेना. मग फाटणारच."

बाळूने सर्जा बादलीत टाकला आणि भिजू दिला. दुसऱ्या दिवशी त्याने मातीतले खडे वेचले. आजीच्या वाती करून उरलेला कापूस अगदी बारीक पिंजून मातीत मिसळला आणि ती मळली. किती मळली! मनगटं दुखायला लागली, तरी आबा म्हणत, "आजून, आजून." पाय जोडताना दोन्हीकडे काडीने चरे पाडले आणि मध्ये पातळ चिखल लावला.

मग सर्जा माजघरात, सावलीत. अंगावर ओलसर फडकं. बाळू सकाळ-संध्याकाळ फडकं उचलून त्याला गालाशी लावायचा. गार लागला, की आत ओल आहे. रोज गारच!

पोळ्याचा दिवस उजाडला. गल्लीतल्या पोरांचे बैल लाल, पिवळे, चमकदार. बाळूचा सर्जा अजून मातकट.

"हा काय बैल? बिनरंगाचा!" शेजारचा पिंट्या हसला.

बाळूला वाटलं, एकदाच चुलीजवळ नेऊ का? तो उठलाही. मग परत बसला. सर्जाची पूजा तशीच झाली, कोरीच. खापरावरच्या पुरणपोळीचा नैवेद्य मात्र त्याला सगळ्यांएवढाच मिळाला.

दोन दिवसांनी सर्जा गालाला गार लागला नाही. बाळूने गेरू लावला, शिंगं निळी केली. पिंट्याच्या बैलाचा कान तोवर खेळता खेळता उडालेला.

"मला पण असा करून दे ना! आत्ताच!" पिंट्या म्हणाला.

बाळूने चाळणी त्याच्या हातात दिली. "आधी खडे काढ."