बाकीच्यांना सोडून तुम्हालाच का घ्यायचं?

सर, बाहेर बसलेल्या पाच जणांना मी ओळखत नाही, त्यामुळे मी त्यांच्यापेक्षा भारी आहे असं काही म्हणणार नाही. तुम्ही आत्ता म्हणालात की त्यातल्या दोघांचा अनुभव माझ्या दुप्पट आहे, एकाकडे फार्मसीची डिग्री आहे आणि मी कॉमर्सवाली. मान्य आहे, डिग्री नाहीये माझ्याकडे. पण तुम्हाला कोल्ड रूमचा स्टॉक सांभाळायला सुपरवायझर पाहिजे आणि तेच काम मी चार वर्षं रोज करतेय, तर त्यात मी कशी वागते ते एका प्रसंगातून सांगते, चालेल ना मॅडम?

आमच्या कोल्ड रूमला 2 ते 8 डिग्री ठेवायचं असतं, लसी आणि इन्सुलिन दोन्ही तिथेच. मॉनिटरवर आकडा कायम 5 च्या आसपास, रजिस्टरमध्ये रोज दोन वेळा सही, सगळं ओके. एकदा पिकिंग करताना मी कूलिंग युनिटच्या समोरच्या रॅकवरचा वरचा कार्टन उचलला तर तो हाताला दमट लागला, आणि कडेला बारीक बर्फासारखं काहीतरी. सोबतचा मुलगा म्हणाला ताई दार उघडझाक होतं म्हणून ओल आली असेल, आणि तसं होतंही, पण मग दाराजवळचे कार्टन कोरडे कसे? ते काही केल्या डोक्यातून जाईना. सेन्सर होता खोलीच्या मधोमध आणि गार हवेचा झोत थेट त्या रॅकवर. मी तापमान नोंदवत राहणारा एक सुटा डेटा लॉगर घेतला, त्या कार्टनवर ठेवला आणि रात्रभर राहू दिला. सकाळी ग्राफ काढला तर पहाटेचे दोन तास शून्याच्या खाली!

आता यात गंमत अशी की गरम झालेल्या मालाची सगळ्यांना भीती असते, गोठलेल्याची तेवढी नसते. पण ज्या लसींमध्ये असर वाढवायला ॲल्युमिनियमचं ॲडज्युवंट असतं त्या गोठल्या की कामातून जातात, परत वितळवून काही उपयोग नाही, आणि इन्सुलिनचंही तेच, गोठलेलं वापरायचं नसतं. बाहेरून बॉक्स बघून हे कळत पण नाही, म्हणजे शेवटी कोणाला तरी पाण्यासारखं इंजेक्शन बसणार आणि त्याला वाटणार आपण सेफ आहोत. हा विचार आला की मला गप्प बसवत नाही सर.

मी त्या रॅकचा सगळा माल सिस्टिममध्ये होल्डला टाकला, वेगळा काढून लेबल लावलं आणि ग्राफ घेऊन क्वालिटीकडे गेले. फेकायचा की ठेवायचा हा निर्णय माझा नव्हता, तो त्यांचाच, आणि मी तो घ्यायला गेलेही नाही. त्या दिवशी डिस्पॅच अडकला, मॅनेजर चिडले, म्हणाले आकडा तर बरोबर दिसतोय ना मग कशाला उकरून काढतेस. मी आवाज न चढवता ग्राफ त्यांच्यापुढे ठेवला. नंतर तो रॅक हलवला आणि तिथे कायमचा दुसरा सेन्सर बसला.

अजून एक, हे माझ्या विरोधात जाईल तरी सांगते. सुरुवातीच्या वर्षी माझ्याकडून एका इन्सुलिनच्या दोन बॅच उलट्या लागल्या, लांबच्या एक्सपायरीची आधी गेली आणि जवळची रॅकवरच राहिली. संध्याकाळच्या काऊंटला माझ्याच लक्षात आलं आणि कोणी विचारायच्या आत मी जाऊन सांगितलं. बोलणी खाल्ली, पण तेव्हापासून नवीन माल आला की मी बॅच नंबर स्क्रीनवरून नाही, खोक्यावरून वाचते, मोठ्याने, आणि दुसरा माणूस टिक करतो. वेळ थोडा जास्त जातो, पण ती सवय मी सोडलेली नाही आणि इथे आले तरी सोडणार नाही.

तर तुम्हाला फार्मसीचं ज्ञान हवं असेल तर त्या कॅन्डिडेटला घ्या, ते ज्ञान माझ्याकडे त्याच्याइतकं नक्कीच नाही. पण ते ज्ञान असलेली माणसं तुमच्या क्वालिटीत आधीच आहेत ना? त्यांच्यापर्यंत खरी माहिती वेळेत पोचवणारं, रोज रॅकपाशी उभं राहणारं माणूस तुम्हाला लागणार आहे, स्क्रीन हिरवी दिसली तरी हात लावून बघणारं. त्या कामासाठी मला घ्या.

आणि एक विचारू का? तुमच्या कोल्ड रूमचं टेंपरेचर मॅपिंग शेवटचं कधी झालं, आणि ते माल भरलेला असताना केलं होतं की रिकाम्या खोलीत?