हा व्हिडिओ सुरू करण्याआधी तुमचं वय तपासायचं आहे

हा व्हिडिओ १८ वर्षं पूर्ण झालेल्या प्रेक्षकांसाठीच आहे.
कारण: शस्त्रक्रियेची उघडी दृश्यं, रक्त.

तुमच्या खात्यावर १४ मार्च १९९१ ही जन्मतारीख आहे, पण ती अजून तपासलेली नाही. एकदा तपासली की या खात्यावर पुन्हा विचारणार नाही.

[ वय तपासा ]  [ मागे जा ]  [ हे का विचारताय? ]

हे का विचारताय?

पूर्वी इथे ‘माझं वय १८ च्या वर आहे’ असं एक बटण होतं. ते दाबलं की व्हिडिओ सुरू. बारा वर्षांचं पोरही ते दाबू शकतं, हे आम्हालाही कळत होतं. खात्यावर लिहिलेल्या जन्मतारखेचंही तेच: ती ज्याची त्याने टाइप केलेली असते. पहिल्याच दिवशी घाईघाईत १ जानेवारी निवडून मोकळे झालेले प्रेक्षक आमच्याकडे कमी नाहीत.

आता कायदेही बदललेत. युरोपीय संघाने २०१८ मध्येच दृक्-श्राव्य माध्यमांचे नियम सुधारून व्हिडिओ साइटवर जबाबदारी टाकली, की मुलांना अपाय होईल असं काही त्यांच्यासमोर सहज येऊ देऊ नये. ब्रिटनमध्ये ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट २०२३ मध्ये झाला आणि २५ जुलै २०२५ पासून अश्लील सामग्री दाखवणाऱ्या साइटना तिथे वयाची पक्की तपासणी करावी लागते. नुसतं ‘हो’ म्हणून टिचकी मारणं तिथे तपासणी धरलं जात नाही. देशागणिक नियम वेगळे आहेत. आम्ही मात्र सगळ्यांसाठी एकच पद्धत ठेवली आहे, नाहीतर प्रवासात सीमा ओलांडली की तोच व्हिडिओ कधी उघडणार, कधी नाही.

‘प्रौढांसाठी’ म्हणजे वाईट, असं नाही. तुम्ही उघडलेला हा व्हिडिओ एका शल्यचिकित्सकाने विद्यार्थ्यांसाठी टाकला आहे आणि ही खूण त्यांनी स्वतःच लावली आहे. बाळंतपणाचं चित्रण, युद्धातली दृश्यं, जीव धोक्यात घालणाऱ्या कसरती, लैंगिक दृश्यं या सगळ्यांना तीच खूण लागते. कधी टाकणारा लावतो, कधी प्रेक्षकांच्या तक्रारीनंतर आमची माणसं पाहून लावतात.

मी तर चाळिशीचा आहे, मग मलाच का?

बहुतेकदा कारण साधं असतं. तुम्ही लॉग-इन न करता आलात, दुसऱ्या कुणाच्या साइटवरून व्हिडिओ उघडलात, किंवा घरच्या टीव्हीवर मुलाचं खातं सुरू राहिलंय. टीव्हीवर असाल तर स्क्रीनवर सहा अक्षरांचा कोड दिसेल. तो फोनवर टाका आणि पुढची तपासणी फोनवरच करा. टीव्हीच्या रिमोटने ओळखपत्राचा फोटो काढता येत नाही, हे आम्हाला मान्य आहे.

पुरावा म्हणून काय चालतं?

खालीलपैकी कोणतंही एक पुरे. सगळं देऊ नका.

*सेल्फी.* कॅमेऱ्यात पाहा, चेहऱ्यावरून वयाचा अंदाज घेतला जातो. तुम्ही कोण, हे त्यात ओळखलं जात नाही. मिनिटभरात काम होतं, म्हणून बरेच जण हाच मार्ग घेतात. पण अंदाज तो अंदाजच, दोन-चार वर्षं इकडेतिकडे होतात. म्हणून चेहरा २५ च्या पुढचा वाटला तरच आम्ही थेट पास करतो. तुम्ही २० वर्षांचे असाल तर इथे अडकण्याची शक्यता जास्त, आणि त्यात तुमची चूक काही नाही. सरळ ओळखपत्र द्या. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, २०२४ मध्ये अशा प्रणाली तपासल्या, तेव्हा स्त्रियांच्या चेहऱ्यांबाबत चूक जवळपास नेहमीच जास्त निघाली. फोटोच्या दर्जानेही फरक पडतो. तेव्हा दिवा समोर असू द्या, पाठीमागे नको.

*ओळखपत्र.* पासपोर्ट, वाहन परवाना किंवा सरकारने दिलेलं फोटो असलेलं राष्ट्रीय ओळखपत्र. आम्हाला त्यावर फोटो आणि जन्मतारीख एवढंच वाचता यायला हवं. क्रमांक आणि पत्ता यांवर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढलात तरी चालेल. उलट तसाच काढा. मूळ कार्डाचा फोटो हवा. झेरॉक्स, स्क्रीनशॉट किंवा दुसऱ्या फोनवर दाखवलेलं कार्ड परत येईल. मुदत संपलेलं कार्डही चालत नाही. कार्डावर फक्त जन्मवर्ष असेल, तर आम्ही त्या वर्षाची ३१ डिसेंबर धरतो. त्यामुळे काही महिने थांबावं लागेल, पण आमच्याकडे दुसरा सुरक्षित मार्ग नाही. ०४/०७ सारखी तारीख ४ जुलै की ७ एप्रिल, याचा गोंधळ झाला तर पुन्हा विचारू.

*क्रेडिट कार्ड.* कार्ड तुमच्याच नावाचं हवं. नाममात्र रक्कम रोखून लगेच सोडली जाते, पैसे कापले जात नाहीत. बँकेच्या ॲपमध्ये ती नोंद काही दिवस ‘प्रलंबित’ दिसू शकते, घाबरू नका. डेबिट कार्ड आणि प्रीपेड कार्ड घेत नाही, कारण ती अल्पवयीन मुलांनाही मिळतात.

*डिजिटल वॉलेट.* तुमच्या देशात सरकारमान्य ओळख-वॉलेट असेल, तर आमच्या मते सर्वांत चांगला मार्ग हाच. त्यातून आमच्याकडे नाव, तारीख, फोटो काहीच येत नाही, ‘१८ पूर्ण: हो’ एवढंच उत्तर येतं.

शाळेचा दाखला, ऑफिसचं आयकार्ड, वीजबिल, ‘आईला विचारा’ अशी चिठ्ठी: यांतलं काहीही चालणार नाही. शेवटचं खरंच आलं होतं.

माझ्या फोटोचं पुढे काय होतं?

हा प्रश्न विचारायलाच हवा. २०२५ मध्ये एका मोठ्या चॅट सेवेच्या ग्राहक-मदत पुरवठादाराकडून वयाच्या तक्रारींसोबत आलेले सुमारे ७०,००० जणांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले. फोटो साठवून ठेवला होता, म्हणून तो फुटू शकला. आमच्याकडे सेल्फी निकाल लागताच पुसली जाते. ओळखपत्राचा फोटो माणसाने पाहावा लागला तर जास्तीत जास्त २४ तास राहतो, नंतर तोही जातो. खात्यावर उरते ती एकच ओळ: ‘वय तपासलं, पद्धत, दिनांक’. तुम्ही कोणते व्हिडिओ पाहता याची यादी तपासणी करणाऱ्या यंत्रणेकडे पाठवली जात नाही.

ईमेलमध्ये किंवा कॉमेंटमध्ये ओळखपत्र कधीही पाठवू नका. आमच्या नावाने तसं कुणी मागितलं, तर तो आम्ही नाही.

नाकारलं तर?

दोनदा प्रयत्न झाल्यावर ‘माणसाकडून तपासा’ हे बटण येईल. निकाल साधारण दिवसभरात कळतो. तपासणी न करता मागे गेलात तरी खात्याला काही होत नाही, बाकीचे व्हिडिओ पूर्वीसारखेच दिसतील.

आणि १८ पूर्ण व्हायला अजून थोडे दिवस असतील, तर वाढदिवसाला परत या. तारीख आम्ही आमच्या सर्व्हरवरून घेतो, फोनचं घड्याळ पुढे केल्याने उपयोग होणार नाही.