प्रोजेक्टच्या फायलींसाठी लॅबमधील संगणकाला मोबाइल जोडण्याची परवानगी मिळण्याबाबत

दिनांक : 21 एप्रिल 2025

प्रति,
मा. लॅब इन्चार्ज सर,
संगणक लॅब क्र. 2, बीसीए विभाग,
बेळगाव.

अर्जदार : वैष्णवी पाटील, बीसीए सहावे सेमिस्टर, रोल नं. 47

विषय : प्रोजेक्टचे ध्वनिमुद्रण माझ्या मोबाइलमधून लॅबच्या संगणकात उतरवून घेण्यासाठी गुरुवार, दि. 24 एप्रिल रोजी एकदाच केबल जोडू देण्याबाबत.

महोदय,

आमच्या चौघांच्या गटाचा प्रोजेक्ट गावातल्या दूध डेअरीसाठी आहे. सकाळी दूध घालणाऱ्याचे नाव, लिटर आणि फॅट मापाड्याने तोंडाने म्हणायचे आणि ते वहीऐवजी संगणकात आपोआप नोंदले जायचे, असे त्याचे काम. त्यासाठी संगणकाला आपल्या भागातल्या माणसांचे बोलणे आधी ऐकवावे लागते. तयार मिळणारे आवाज शहरी मराठीचे आहेत, ते आपल्याकडे चालत नाहीत. म्हणून जानेवारीपासून आम्ही उचगाव, कडोली, नंदगड आणि जांबोटी इथल्या 43 जणांचे आवाज माझ्या मोबाइलवर घेतले. एकूण 26 तास झाले.

सर, हे आवाज पुन्हा मिळण्यासारखे नाहीत म्हणून थोडे सविस्तर लिहिते. नंदगडला सकाळी सहाला एक आजी किटली घेऊन रांगेत उभ्या होत्या. मी विचारले, आज किती? त्या म्हणाल्या, "एरडूवरी." मग माझ्याकडे बघून, "अडीच गं बाई, अडीच." त्यांचे माहेर कन्नड आणि सासर मराठी. एकाच घरात दोन्ही भाषांत मापे मोजली जातात, आणि आमच्या प्रोग्रॅमला दोन्ही कळली पाहिजेत. अशा नोंदी त्या 26 तासांत जागोजाग आहेत आणि त्यांची दुसरी प्रत आज कुठेही नाही. सगळे माझ्या एकाच फोनमध्ये आहे. फोनमध्ये आता जेमतेम सव्वा जीबी जागा उरली आहे, त्यामुळे पुढचे रेकॉर्डिंगही थांबले आहे.

या 612 फायली WAV प्रकारच्या आहेत आणि मिळून साधारण 8.3 जीबी होतात. दुसऱ्या मार्गाने आणायचा प्रयत्न आम्ही करून पाहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवले की आवाज दाबला जातो. ऐकणाऱ्या माणसाला तेवढे चालते, पण प्रोग्रॅमला "सात" आणि "साठ" यांतला फरक शिकवायचा असतो, आणि नेमका तोच बारीक फरक पुसट होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर आवाज जसाच्या तसा राहतो, पण तेवढा डेटा चढवावा लागतो. माझ्या रिचार्जवर दिवसाला दीड जीबी मिळतात, म्हणजे सहा दिवस दुसरे काहीच न करता फक्त हेच. त्यात घरी रेंज धरत नाही. लॅबमधून ऑनलाइन ड्राइव्ह उघडत नाही आणि पेन ड्राइव्हला बंदी आहे. मागे एका पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरून सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले होते आणि एका बॅचचे काम गेले होते, हे आम्ही ऐकले आहे. तो नियम आम्हाला पटतो. म्हणून पेन ड्राइव्हची सवलत मागत नाही.

फोन केबलने जोडताना एवढीच काळजी घेऊ. केबल लावल्यावर फोन आधी फक्त चार्ज होतो. स्क्रीन उघडून सूचनेत "File transfer" निवडले की तो "This PC" मध्ये दिसतो. त्याला पेन ड्राइव्हसारखे ड्राइव्हचे अक्षर मिळत नाही. त्यामुळे पेन ड्राइव्ह लावल्यावर आपोआप काही सुरू होण्याचा जो धोका असतो, तो इथे नाही. तरी फोनमधली फाइल खराब असू शकते, म्हणून आम्ही फक्त .wav फायलींचे एकच फोल्डर उतरवू आणि उघडण्याआधी त्यावर डिफेंडरचे स्कॅन आपल्यासमोर चालवू. "USB tethering" आणि "USB debugging" दोन्ही बंद असतील. टेदरिंग चालू राहिले तर फोनचे इंटरनेट थेट लॅबच्या संगणकात येते आणि कॉलेजची फायरवॉल बाजूला पडते, हे मला माहीत आहे. त्या वेळी फोनचा मोबाइल डेटाही बंद ठेवीन.

संगणकावर ग्रुप पॉलिसीने अडवले असेल तर एका संगणकापुरते "WPD Devices: Deny read access" काढले तरी आमचे काम भागेल. "WPD Devices: Deny write access" तसेच चालू ठेवावे. म्हणजे लॅबमधून फोनमध्ये काहीच जाणार नाही. प्रश्नपत्रिका आणि इंटर्नलचे मार्क याच लॅबमध्ये असतात, ती काळजी रास्तच आहे. सेटिंगचे काम आपलेच, मी फक्त लक्षात आलेले लिहिले.

सगळ्या फायली आल्या का, हे त्या फोल्डरमध्ये ही एक ओळ चालवून पाहू. उत्तर 612 यायला हवे:

```
dir /b /s *.wav | find /c /v ""
```

गुरुवारी दुपारी 3 ते 4 लॅब रिकामी असते, असे टाइमटेबलवरून दिसते. प्रत घ्यायला अर्धा तास लागेल, उरलेला वेळ तपासायला. आपण किंवा अटेंडर काका समोर असाल तेव्हाच केबल लावू आणि आपण सांगाल तेव्हा काढू. जागा कोपऱ्यातल्या 11 नंबरच्या संगणकावर मिळाली तर बरे, कारण प्रोजेक्टचा प्रोग्रॅम त्याच संगणकावर बसवलेला आहे.

एक विनंती आणखी आहे. हे आवाज लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवून दिले आहेत. कडोलीच्या एका काकांनी विचारले होते, "रेडिओवर लावणार काय?" मी नाही म्हटले, तेव्हाच ते बोलले. लॅबचे लॉगिन सगळ्यांचे एकच असल्याने ते फोल्डर कोणीही उघडू शकेल. शक्य असेल तर आमच्या गटासाठी वेगळे लॉगिन करून द्यावे. फायलींना माणसांची नावे नाहीत, फक्त क्रमांक आहेत. तोंडी परीक्षा झाली की त्या संगणकातून आम्ही फोल्डर पुसून आपल्याला दाखवू.

सर, 16 तारखेला मी चार्जिंगसाठी न विचारता केबल लावली होती. अटेंडर काकांनी ती लगेच काढायला लावली आणि त्यांनी योग्यच केले. चूक माझी होती, त्याबद्दल मनापासून माफी मागते. तेव्हा फायली उघडल्या नव्हत्या, पण नियम तो नियम.

प्रोजेक्ट 9 मे ला जमा करायचा आहे. फायली या आठवड्यात मिळाल्या तर प्रोग्रॅम शिकवून तपासायला जेमतेम दोन आठवडे उरतात. आमच्या गाइड मॅडमना मी ही सगळी अडचण सांगितली आहे. त्यांनी आधी आपली लेखी परवानगी घ्यायला सांगितले, आणि त्यांची सही या अर्जाच्या मागे घेतली आहे.

गुरुवार जमत नसेल तर आपण सांगाल त्या दिवशी आम्ही कॉलेजला आलेलो असू. खानापूरची सकाळची बस पकडली की मी साडेनऊला लॅबच्या दाराशी असते. परवानगीचा शेरा याच अर्जावर दिलात तरी चालेल.

आपली विद्यार्थिनी,
वैष्णवी पाटील
बीसीए सहावे सेमिस्टर, रोल नं. 47
(गटातील इतर : रोल नं. 12, 33 आणि 51)

सोबत : प्रोजेक्टच्या मंजुरीपत्राची झेरॉक्स, 612 फायलींची क्रमांकवार यादी, आवाज देणाऱ्यांच्या मराठी आणि कन्नड संमतीपत्राचा नमुना.